‘सुविधा शुल्क’ म्हणजे पावती मिळते ना, भाऊ?

मागच्या व्हिडिओत मी सांगितलं होतं की मोठ्या कंपनीचा व्हेंडर व्हायचं असेल तर पर्चेस ऑर्डरसोबत येणारा ‘कोड ऑफ कंडक्ट’ वाचल्याशिवाय सही करू नका. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, “सर, आम्ही वाचू हो, पण आमची पोरं काय वाचणार? ते तर इंग्रजीत आहे.” प्रश्न एकदम बरोबर आहे. आणि योगायोग असा की हेच काम मी गेल्या वर्षी स्वतः केलंय, त्यात सपाटून चुकलोय आणि मग दुरुस्त केलंय. व्हिडिओत एवढं सगळं बसलं नसतं, म्हणून इथे लिहितो.

बुटीबोरीला एक युनिट आहे. मालक परदेशी, माणसं आपली. नाव सांगत नाही. त्यांचा लाचविरोधी आणि भेटवस्तूंचा नियम मराठीत हवा होता, कारण गेटवरचा गार्ड, डिस्पॅचची मुलं, स्टोअरवाले, ड्रायव्हर आणि कँटीनचा ठेकेदार या सगळ्यांनी दरवर्षी त्यावर सही करायची असते. आधीची चार वर्षं हे लोक इंग्रजी कागदावर सही करत होते. “आम्ही वाचले व समजले” असं त्यावर छापलेलं. समजलं कोणालाच नव्हतं.

इंग्रजी पानं सहाच होती. मला वाटलं, दोन संध्याकाळचं काम. बीबीएला बिझनेस लॉ होता, इंग्रजी बरं आहे, मराठी तर आपलीच. दुकान बंद करून बसलो आणि खरंच दोन संध्याकाळी संपवलं. पहिलं वाक्य असं झालं होतं:

“कोणत्याही कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, अनुचित लाभ प्राप्त करण्याच्या हेतूने, कोणत्याही शासकीय अधिकाऱ्यास मूल्यवान वस्तू देऊ, देऊ करू अथवा देण्याचे अभिवचन देऊ नये. सुविधा शुल्क देण्यास मनाई आहे.”

व्याकरण चोख, एकही शब्द सुटलेला नाही. मी खूश होतो. मग डिस्पॅचच्या एका मुलाला वाचायला दिलं. वय पंचवीसेक, बारावी झालेला. त्याने वाचलं आणि मला विचारलं, “सुविधा शुल्क म्हणजे पावती मिळते ना, भाऊ? मग त्याले मनाई काहून?”

त्याचं चूक नव्हतं. ऑनलाइन तिकीट काढलं, लाइटबिल भरलं की कुठे ना कुठे ‘सुविधा शुल्क’ लागतंच. हा शब्द पावतीवरचा आहे, अधिकृत आहे. आणि मी तो लाचेसाठी वापरला होता.

इथे जरा थांबू, कारण या एका शब्दात निम्मा विषय आहे. कंपनीच्या कागदात ‘फॅसिलिटेशन पेमेंट’ असतं. त्याचा अर्थ असा की, जे काम त्या कर्मचाऱ्याला नाहीतरी करायचंच आहे, ते त्याने लवकर करावं किंवा अडवू नये म्हणून दिलेली छोटी रक्कम. चुकीचं काम करून घ्यायला नाही, बरोबरच काम वेळेत व्हावं म्हणून. म्हणूनच आपल्या माणसाला ती लाच वाटतच नाही. “आपण कुठे काही गैर करून राहिलो? आपली फाइल क्लिअर आहे, फक्त ती हलली पाहिजे.” नागपुरात तुम्ही हे वाक्य किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. मीही बोललेलो आहे.

अमेरिकेचा १९७७चा परदेशी लाचविरोधी कायदा आहे, एफसीपीए म्हणतात त्याला. त्यात अशा रोजच्या सरकारी कामाच्या छोट्या रकमांना एक अरुंद सूट आहे. ब्रिटनच्या २०१०च्या कायद्यात ती सूट नाही. आणि आपल्याकडे? आपल्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. त्यात कलम ७ला एक उदाहरण जोडलंय. कोणाचं, तर रेशनकार्डाचं! नेहमीचा रेशनकार्डाचा अर्ज वेळेत पुढे सरकवण्यासाठी लोकसेवकाने पाच हजार रुपये मागितले, तर तो गुन्हेगार. म्हणजे काम हक्काचं असलं, फक्त वेळेत करायचं असलं, तरी घेणं गुन्हाच आहे. देणाऱ्यासाठी कलम ८ आहे आणि त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. ते पुढे बघू.

मग मी ‘सुविधा शुल्क’ खोडलं. ‘चहापाणी’ लिहिलं. मुलं हसली, म्हणजे समजलं. पण आता कंपनीच्या एचआर मॅडमचा प्रश्न आला: “खरंच चहा पाजला तर?” तोही बरोबर. शेवटी जे राहिलं ते असं:

“काम लवकर करा, अडवू नका, यासाठी सरकारी माणसाला पावतीशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. त्याला चहापाणी म्हणा, खुशी म्हणा, वजन म्हणा, चिरीमिरी म्हणा, दिवाळीची पोस्त म्हणा. नाव कोणतंही असो, ती लाचच आहे. सरकारने स्वतः ठरवलेली जादा फी असेल आणि तिची सरकारी पावती मिळत असेल, तर ती लाच नाही. उदाहरण: तत्काळ पासपोर्टची फी.”

मूळ इंग्रजी ओळ नऊ शब्दांची होती. माझी पन्नाशीच्या पुढे गेली. चालेल. भाषांतर करणाऱ्याला वाटतं की शब्दांची संख्या जुळली पाहिजे. इथे अर्थ जुळला पाहिजे, आणि अर्थ गेटवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात जुळला पाहिजे.

तुम्ही म्हणाल, एवढ्या छोट्या रकमांचं कोणाला पडलंय? याला एक खरी केस आहे, तीही आपल्या महाराष्ट्रातली. डी-नोसिल क्रॉप प्रोटेक्शन नावाची मुंबईची कीटकनाशक कंपनी होती, अमेरिकेच्या डाऊ केमिकलच्या मालकीतली. थेट नाही, उतरंडीत पार पाचव्या पायरीवर. फेब्रुवारी २००७मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, डाऊविरुद्ध प्रकरण दाखल केलं. आरोप असा की १९९६ ते २००१ या काळात या भारतीय कंपनीने अंदाजे दोन लाख डॉलर गैर मार्गाने दिले. त्यातले सुमारे ३९,७०० डॉलर केंद्रीय कीटकनाशक मंडळातल्या एका अधिकाऱ्यासाठी होते, तीन औषधांची नोंदणी लवकर व्हावी म्हणून, आणि त्यातला बराचसा पैसा कंत्राटदारांमार्फत फिरवलेला. पण सर्वांत मोठा आकडा तो नव्हताच. सुमारे ८७,४०० डॉलर राज्यांमधल्या इन्स्पेक्टर मंडळींना गेले होते, आणि एकेक रक्कम शंभर डॉलरच्याही बरीच खाली. छोट्या छोट्या, पण सारख्या. न दिल्यास इन्स्पेक्टर नमुन्यात खोट दाखवून माल विकणं थांबवू शकत होता, ही त्यामागची भीती. शिवाय भेटवस्तू, प्रवास आणि पाहुणचार यांचा हिशेब वेगळाच.

डाऊने हे प्रकरण स्वतः शोधून स्वतः कळवलं होतं, तरी ३ लाख २५ हजार डॉलर दंड भरून ते मिटवावं लागलं. अमेरिकेतली ती ‘छोट्या रकमांची सूट’ कामाला आली नाही, कारण ठपका होता खोट्या हिशेबाचा आणि ढिल्या नियंत्रणाचा. वहीत ‘लाच’ असं कोणी लिहीत नाही. लिहितात ‘किरकोळ खर्च’. मग वही खोटी ठरते.

आता विचार करा, हे पैसे हातात देणारा कोण असेल? डाऊचा अध्यक्ष तर नक्कीच नाही. माल घेऊन फिरणारा कोणीतरी, ज्याला साहेबाने सांगितलं असेल, “देऊन टाक आणि मोकळा हो.” बुटीबोरीच्या मुलांना मी ही केस सांगितली तेव्हा पहिल्यांदा खोलीत शांतता झाली. एकजण म्हणाला, “म्हणजे मी रस्त्यावर दोनशे दिले आणि व्हाउचरवर ‘पंक्चर’ लिहिलं, तर ते अमेरिकेपर्यंत जाते?” जाऊ शकते, बाप्पा. म्हणून तर तुझ्या सहीचा कागद तुला कळला पाहिजे.

पुन्हा माझ्या पहिल्या वाक्याकडे. त्यात अजून चार खड्डे होते.

‘शासकीय अधिकारी’ हा एक. इंग्रजीत ‘ऑफिशियल’ म्हणजे सरकारी कामावरचा कोणीही. मराठीत ‘अधिकारी’ म्हटलं की डोळ्यांसमोर केबिन, खुर्चीवर टॉवेल आणि बाहेर शिपाई येतो. मी मुलांना विचारलं, “लाइनमन अधिकारी आहे का?” सगळे म्हणाले, नाही. “तलाठ्याकडचा कोतवाल?” नाही. “डब्ल्यूसीएलचा स्टोअरकीपर?” इथे तर हसले, म्हणे ती कंपनी आहे, सरकार थोडीच आहे. आता वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, मॉइलचंही आहे. दोन्ही सरकारी मालकीच्या कंपन्या आहेत आणि कायद्याच्या नजरेत तिथले कर्मचारी लोकसेवकच. सरकारी बँकेचा मॅनेजरही. नागपुरात व्यवसाय करणाऱ्याचा रोजचा संबंध यांच्याशीच येतो. ‘लोकसेवक’ हा कायद्यातला शब्द बरोबर असला तरी तो ऐकून लोकांना आमदार आठवतो. म्हणून आम्ही ‘सरकारी माणूस’ असं लिहिलं आणि खाली चौकटीत पदं दिली, शिपायापासून साहेबापर्यंत, सरकारी कंपनी आणि सरकारी बँक धरून. शब्द घरगुती वाटतो, पण चुकायला जागा ठेवत नाही.

दुसरा खड्डा ‘मूल्यवान वस्तू’. इंग्रजीत ‘एनिथिंग ऑफ व्हॅल्यू’ आहे, म्हणजे समोरच्याला ज्याचा उपयोग आहे असं काहीही. ‘मूल्यवान’ म्हटलं की सोनं-नाणं डोळ्यांसमोर येतं. मग साहेबाच्या पोराला ट्रेनी म्हणून लावणं यात कसं बसेल? त्यांच्या घरचा एसी आपल्या मेकॅनिककडून फुकट दुरुस्त करून देणं? मोबाइलचा रिचार्ज? ही सगळी उदाहरणं मुलांनीच दिली बरं का, माझी नाहीत. म्हणून लिहिलं: “पैसा, वस्तू, जेवण, प्रवास, नोकरी, फुकट काम, सूट. समोरच्याच्या उपयोगाची कोणतीही गोष्ट.”

तिसरा ‘अप्रत्यक्षपणे’. हा शब्द शाळेत पाठ केलेला असतो, वापरलेला नसतो. “स्वतः द्यायची नाही, दुसऱ्याच्या हातूनही द्यायची नाही” इतकं सोपं आहे ते. पुढच्या परिच्छेदात ‘थर्ड पार्टी’ होतं, त्याचं मी ‘तिसरा पक्ष’ केलं होतं. निवडणुकीचा सीझन चालू होता. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. आता तिथे “आपल्या वतीने काम करणारी बाहेरची माणसं: एजंट, ट्रान्सपोर्टर, ठेकेदार, कन्सल्टंट” असं आहे.

चौथा खड्डा मला सर्वांत उशिरा दिसला. ‘देऊ नये’. मराठीत ‘नये’ हा सल्ला आहे. “येथे वाहने उभी करू नयेत” या पाटीखालीच आपण गाडी लावतो. “भिंतीवर थुंकू नये” वाचत वाचत लोक थुंकतात. ‘नये’मध्ये सोयीप्रमाणे सवलत घ्यायची सवय आपल्याला लागलेली आहे. म्हणून जिथे इंग्रजीत पक्की बंदी आहे तिथे आम्ही ‘द्यायची नाही’, ‘घ्यायची नाही’ केलं. आणि जिथे इंग्रजीत सल्ला आहे तिथेच ‘टाळा’ ठेवलं. दोन्ही ठिकाणी ‘नये’ लिहिलं असतं तर कडक काय आणि मवाळ काय, हा फरकच पुसला गेला असता.

आता भेटवस्तूंकडे येतो. लाचेचं एकवेळ सोपं आहे, सगळ्यांना आतून माहीत असतं. भेट अवघड, कारण भेट देणं आपल्याकडे संस्कार आहे आणि न घेणं म्हणजे अपमान.

मूळ कागदात होतं की ‘प्रथेला धरून’ आणि ‘वाजवी’ असलेली, पन्नास डॉलरपर्यंतची भेट चालेल. मी तसंच उतरवलं. आता दिवाळीत काय प्रथेला धरून नाही, सांगा? चांदीचं नाणं प्रथेला धरूनच आहे. मिठाईच्या डब्याखाली पाकीट ठेवणं हीसुद्धा काही ठिकाणी प्रथाच झालीय. ‘प्रथेप्रमाणे’ हा शब्द इंग्रजीत कुंपण आहे, मराठीत ते फाटक आहे. आणि पन्नास डॉलर म्हणजे चार हजार रुपयांच्या आसपास. न्यूयॉर्कमधल्या मॅनेजरला ती कॉफी-मगची किंमत वाटत असेल. महिना पंधरा-सोळा हजार घेणाऱ्या स्टोअरच्या मुलासाठी तो आठवड्याचा पगार झाला. तेवढी भेट घेतल्यावर तो त्या सप्लायरचा माल नाकारेल का?

हे मी एचआरला सांगितलं. भाषांतर करणाऱ्याने आकड्यात नाक खुपसायचं नसतं, पण विचारायला काय जातं. त्यांनी मुख्य ऑफिसला लिहिलं. तिकडून उत्तर आलं की स्थानिक मर्यादा कमी ठेवायला हरकत नाही, वाढवायची मात्र नाही. मग रुपयांत ठरलं: खासगी सप्लायर किंवा ग्राहकाकडून एका वर्षात, सगळं मिळून, एक हजार रुपयांपर्यंतची वस्तू. रोख नाही. गिफ्ट कार्ड, सोनं-चांदी, यूपीआय हेही रोखच धरायचं. आणि सरकारी माणसाला आपल्याकडून शून्य.

‘एका वर्षात, सगळं मिळून’ हे शब्द मूळ इंग्रजीत लपलेले होते, तळटीपेत. ते वर आणले, कारण आपल्याकडची युक्ती ठरलेली आहे: दसऱ्याला नऊशेचं, दिवाळीला नऊशेचं, संक्रांतीला नऊशेचं.

इथे व्हेंडर मंडळींसाठी एक गोष्ट. सप्लायरने खासगी कंपनीच्या पर्चेसवाल्याला पाकीट दिलं, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा तिथे सहसा लागत नाही, कारण तो लोकसेवकांपुरता आहे. यामुळे बरेच जण निर्धास्त असतात. पण कंपनीचा कोड तिथे लागतो, आणि पकडलं की पर्चेसवाल्याची नोकरी जाते नि तुमचं व्हेंडर कोड बंद होतं. ब्रिटनचा कायदा तर खासगी-खासगी लाचही धरतो. दिवाळीत संत्रा बर्फी पाठवा, जरूर पाठवा. ऑफिसच्या पत्त्यावर, सगळ्या टीमच्या नावाने. साहेबाच्या घरच्या पत्त्यावर डबा गेला की त्याचा अर्थ बदलला.

आता एक पूर्ण प्रसंग घेऊ. हा आम्ही ट्रेनिंगसाठी रचलेला आहे, पण तो ऐकल्यावर कोणीच “असं कुठे होतं?” म्हणालं नाही. कारखान्याची एक परवानगी नूतनीकरणाला गेलीय. तपासणीला आलेले साहेब सगळं बघतात, कागद ठीक आहेत. जाता जाता म्हणतात, “आमच्या कॉलनीच्या गणपतीची वर्गणी राहिली तुमची. पाच हजारांची पावती फाडू का?” पैसे मागितले नाहीत, देवाची वर्गणी मागितली. पावतीसुद्धा मिळणार आहे! आणि आपण वरच्या नियमात काय लिहून बसलो होतो? ‘पावतीशिवाय द्यायचं नाही.’

बघा, चांगलं वाक्य लिहिलं म्हणून खूश झालो होतो, त्यालाच भोक पडलं. म्हणून दुरुस्ती केली: नुसती ‘पावती’ नाही, ‘सरकारी पावती’. (वर तुम्ही वाचलेलं वाक्य दुरुस्तीनंतरचं आहे.) आणि वर्गणी-देणगीसाठी वेगळी ओळ घातली: “ज्या सरकारी माणसाकडे आपलं काम आहे, त्याने सांगितलेल्या मंडळाला, ट्रस्टला, शाळेला, कार्यक्रमाला वर्गणी द्यायची नाही. पावती मिळत असली तरीही.” मूळ इंग्रजीत हे ‘चॅरिटेबल डोनेशन’खाली चार पानं पुढे होतं. तिकडे तो वेगळा विषय असेल. आपल्याकडे गणपती, देवी, मारबत आणि क्रिकेट टूर्नामेंट धरली तर तो वर्षभर चालणारा विषय आहे. म्हणून दुसऱ्या पानावर.

पण नुसतं ‘द्यायची नाही’ लिहून तो मुलगा साहेबापुढे उभा राहू शकत नाही. त्याला तोंडात घालायला वाक्य पाहिजे. आम्ही दिलं: “साहेब, वर्गणीचं मला ठरवता येत नाही. कंपनीत लेखी अर्ज लागतो, मी मॅडमचा नंबर देतो.” यात नकार आहे पण अपमान नाही, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून वर गेला. सहा पानांच्या इंग्रजीत असं एकही वाक्य नव्हतं. माझ्या मते मराठी प्रतीतला सर्वांत कामाचा भाग हाच आहे, आणि गंमत म्हणजे तो भाषांतर नाहीच.

जबरदस्ती झाली तर काय, हाही प्रश्न आला. रात्री अकराला, रस्त्यावर, ट्रक अडवून कोणी चावी काढून घेतली तर? मूळ कागद म्हणतो की जिवाला धोका असेल तर द्या आणि लगेच कळवा. आपला कायदाही सांगतो की द्यायला भाग पाडलं गेलं असेल तर कलम ८ लागत नाही, पण सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं पाहिजे. कंपनीला कळवणं पुरत नाही. इंग्रजी कोडमध्ये फक्त ‘कंपनीला कळवा’ होतं, कारण तो साऱ्या जगासाठी लिहिलेला. ही भर मी स्वतः घातली नाही. त्यांच्या वकिलाकडे पाठवली आणि त्यांनी घातली. मराठी कागदावर आता लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री नंबर मोठ्या अक्षरांत आहे. पैसे द्यायच्या आधीच त्या विभागाला कळवून, त्यांच्या तपासाला मदत म्हणून दिले, तर देणारा गुन्हेगार ठरत नाही, हेही एका ओळीत आहे.

वकिलाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. “सोपं केलं की अर्थ सांडतो” असं ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते. मला राग आला होता. पण आम्ही एक पद्धत बसवली: डाव्या रकान्यात मूळ इंग्रजी, मधे माझं मराठी, आणि उजवीकडे तिसऱ्याच माणसाने माझ्या मराठीचं परत केलेलं इंग्रजी. त्या माणसाला मूळ कागद दाखवायचा नाही. डावं आणि उजवं जुळलं की वाक्य पास. पहिल्या फेरीत माझी अकरा वाक्यं पडली. एक अजून आठवतं: “लाच देऊन काम करून घेऊ नका.” ऐकायला झकास. पण याचा अर्थ काय झाला? लाच दिली आणि काम झालंच नाही, तर चालतं? नुसती देऊ केली, त्याने घेतली नाही, तर चालतं? नियम तर देऊ करण्यापासूनच सुरू होतो. वकील बरोबर होते. तिथे आता “द्यायची नाही, देतो म्हणायचं नाही, तसं सुचवायचंही नाही. काम होवो न होवो” असं आहे.

त्यांनी एक गोष्ट मात्र आधी मान्य केली नाही. शेवटी छापलं होतं, “मतभेद झाल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य.” म्हणजे मुलाने मराठी वाचून सही करायची आणि शिक्षा इंग्रजी वाचून व्हायची. तीन मेल झाल्या. आता तिथे लिहिलंय की मराठी प्रत वाचून, तिच्याप्रमाणे वागलेल्या कर्मचाऱ्यावर केवळ भाषांतरातल्या फरकामुळे कारवाई होणार नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या एफसीपीए मार्गदर्शिकेतच म्हटलंय की कोड स्थानिक भाषेत नसेल तर तो नीट राबवणं कठीण आहे. तो परिच्छेद एचआर मॅडमनी जोडला, तेव्हा काम झालं.

तुमच्या दुकानात किंवा युनिटमध्ये पाच-सात माणसं असतील तर एवढा पसारा लागणार नाही. पण २०१८च्या दुरुस्तीत कलम ९ आलं, ते व्यावसायिक संस्थांसाठी आहे आणि त्यात भागीदारी फर्मही येते. तुमच्या वतीने काम करणाऱ्याने, तुमच्या धंद्याच्या फायद्यासाठी लाच दिली, तर फर्मला दंड होऊ शकतो. बचाव हाच की असं होऊ नये म्हणून पुरेशी व्यवस्था केलेली होती. आता कोणाच्या माणसांना न कळणारा इंग्रजी कागद ‘पुरेशी व्यवस्था’ म्हणून पुढे करायचा असेल तर खुशाल करा. प्रोप्रायटर असाल तर तुम्ही स्वतः व्यक्ती म्हणून कलम ८मध्ये आहातच.

शेवटची पायरी तपासणीची. “समजलं का?” असं विचारू नका. सगळे ‘हो’ म्हणतात, मीही कॉलेजात म्हणायचो. आम्ही दहा प्रसंग वाचून दाखवले आणि प्रत्येकाला तीन कार्डं दिली: ‘चालेल’, ‘विचारावं लागेल’, ‘चालणार नाही’. एकदम वर करायची. ज्या प्रसंगावर खोलीत तीन्ही कार्डं दिसली, तिथे मुलं चुकली नव्हती, माझं वाक्य चुकलं होतं. पहिल्या बॅचला असे चार प्रसंग निघाले. दुरुस्ती करून दुसऱ्या बॅचला घेतलं, तेव्हा एकच उरला.

तो अजूनही उरलेला आहे. सप्लायरच्या मुलीचं लग्न, आपल्या स्टोअरवाल्याला पत्रिका, दोघं एकाच गावचे. आहेर द्यायचा का, किती, आणि त्याने उलट टॉवेल-टोपी दिली तर? सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांत लग्नकार्याच्या भेटींचा विचार आहे, पण तिथेही ज्याच्याशी कार्यालयीन काम पडत नाही असा मित्र आणि कामाचा संबंध असलेला माणूस वेगळे धरलेत. कंपनीच्या कागदात काहीच नव्हतं. सध्या आम्ही ‘विचारावं लागेल’ असं कार्ड ठेवलंय आणि लग्नाला जाण्याआधी रजिस्टरमध्ये एक ओळ लिहायची. गार्डच्या केबिनमध्ये ते रजिस्टर आहे. मी गेलो होतो तेव्हा पहिली नोंद वाचली: “सोनपापडी, २ डबे, ट्रान्सपोर्टवाल्याने आणली. कँटीनमध्ये वाटली. मला एक वडी आली.”